यंत्राने लिहिलेल्या कागदाला सही-लेबल लावलं, पण मजकूर कॉपी झाल्यावर काय उरते? (4.4 चे 44 झाले त्याचा किस्सा)

पऱ्हाटी_राळेगाव
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितो, वाचून घ्या कारण हे आमच्याकडं खरंच घडलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

मी आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कागदपत्राचं काम पाहतो. यंदा कपाशीवर बोंडअळीचा फवारणी सल्ला काढला. विद्यापीठाच्या शिफारशीचा तक्ता होता, तो आपल्या साध्या बोलीत उतरवायला एआय टूल वापरलं, मग आमच्या कृषी पदवीधर पोरानं ओळन् ओळ तक्त्याशी ताडून पाहिली, आणि पीडीएफ करून संचालकांच्या डोंगलनं डिजिटल सही केली. पहिल्या पानावर खाली स्पष्ट लिहिलं, "हा मजकूर एआयच्या मदतीने तयार केला असून कृषी पदवीधराने तपासला आहे". फाईलच्या प्रॉपर्टीतही तेच टाकलं. आम्हाला वाटलं आता कोणी बोट ठेवू शकत नाही.

त्यात एक ओळ होती, एमामेक्टीन बेंझोएट 5 टक्के, 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम. बारा दिवसांनी बाजारात एक पत्रक फिरताना दिसलं, मजकूर शब्दशः आमचा, कंपनीचं नाव खाली, पण तिथं 44 ग्रॅम. ना सही, ना एआयचं लेबल, ना तारीख.

2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघड्यावर पडली ते इथं कोणाला सांगायची गरज नाही. म्हणून विचारतो, आजकाल एवढं चाललंय की यंत्राच्या मजकुराला लेबल लावा, सही केलेला मेटाडेटा लावा, तर हे सगळं आमच्या या एका ओळीला का वाचवू शकलं नाही? आमचं काही करायचं राहिलं का मुळात हे होऊच शकत नाही?

दुकानदार_घाटंजी
ते पत्रक घेऊन माह्याकडंच आला होता एक पोरगा. मले म्हणे काका 15 लिटरच्या पंपाला 66 ग्रॅम द्या, असे दहा पंप आहेत. मी म्हटलं थांब रे बाप्पा, 100 ग्रॅमची पुडी एकराले पुरते आन् तू एका पंपात 66 टाकून राहिला? कोणी सांगितलं तुले? तं त्यानं खिशातून पत्रक काढलं. आता मी तीस वर्षांपासून दुकानात बसतो म्हणून माह्या ध्यानात आलं, दुकानात त्या दिवशी माह्या भाचा असता तं त्यानं सात पुड्या बांधून दिल्या असत्या. पत्रकावर कंपनीचं नाव होतं न भाऊ, मंग कोण इचारते.

गुरुजी_नेर
माझ्या मते उपाय सोपा आहे. सरकारनं कायदाच करावा की यंत्रानं लिहिलेल्या प्रत्येक मजकुरात लेबल असलंच पाहिजे आणि ते काढणं गुन्हा. मग ज्याच्यावर लेबल नाही ते माणसानं लिहिलेलं, ज्याच्यावर आहे ते यंत्राचं, लोकांना सरळ कळेल. आपल्याकडं तसे नियम येऊही लागलेत, ऑक्टोबर 2025 मध्ये आयटी नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आला होता, त्यात लेबलनं दहा टक्के जागा व्यापली पाहिजे असं होतं.

आर्वीचा_पोरगा
गुरुजी, मसुद्याचं बरोबर आहे, पण ते दहा टक्के दिसणाऱ्या चित्राच्या जागेचे होते, आणि आवाज असेल तर सुरुवातीच्या दहा टक्के वेळेचे. फेब्रुवारी 2026 मध्ये नियम पक्के झाले तेव्हा दहा टक्क्यांची अटच गेली. आणि पक्क्या नियमातली व्याख्या आवाज, चित्र, व्हिडिओ यांच्याभोवती आहे. नुसता मजकूर, म्हणजे पऱ्हाटी भाऊंची ती ओळ, तिला ते लेबल लागूच होत नाही.

मी नागपूरला कागदपत्रांच्या डिजिटल सहीचंच काम करतो म्हणून भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो. भाऊ, तुमची सही फेल नाही झाली. सही फाईलला होती. पीडीएफमध्ये सही करताना सहीची स्वतःची जागा सोडून फाईलच्या बाकी सगळ्या बाइट्सचा एक ठसा काढतात आणि तो ठसा डोंगलमधल्या खाजगी किल्लीनं बंद करतात. फाईलमध्ये एक टिंब जरी हललं तरी ठसा जुळत नाही आणि तपासणारा लगेच ओरडतो. तुमची मूळ फाईल आजही तपासली तर खरीच निघेल, 4.4 च निघेल. पण त्या पोराच्या खिशात फाईल नव्हती, त्यातले शब्द होते. शब्द उचलून दुसरीकडं ठेवले की सही तिथंच मागं राहते. घराच्या दाराला कुलूप लावलं आणि धान्य खिडकीतून पोत्यात भरून नेलं, तर कुलूप अजून शाबूत आहे यात नवल नाही.

फोटोसाठी जे सीटूपीए म्हणून मानक आहे, 2021 मध्ये अडोबी, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून सुरू केलं ते, त्याचंही तसंच. फाईलसोबत एक सही केलेली चिठ्ठी जाते, कोणी बनवलं, कशानं बनवलं, यंत्रानं की कॅमेऱ्यानं, नंतर काय बदल केले. पीडीएफलाही ती चिठ्ठी आतमध्ये जोडता येते. पण चिठ्ठी फाईलला जोडलेली असते.

आणि गुरुजी, "लेबल नाही म्हणजे माणसाचं" हे वाक्य कृपा करून वर्गात सांगू नका, त्यानंच घात होतो. त्या पत्रकावर लेबल नव्हतं. लेबल नसणं म्हणजे फक्त लेबल नसणं, त्यातून दुसरं काहीच सिद्ध होत नाही.

सातबारा_हवा
बरं झालं धागा निघाला. माझा पण हाच प्रॉब्लेम आहे. मी ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड केला तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येते, बँकवाला म्हणे हा चालत नाही. म्हणजे माझा सातबारा एआयनं बनवलेला आहे का? कोणाला तक्रार करू?

आर्वीचा_पोरगा
नाही हो दादा, तुमचा मामला वेगळा आहे. पिवळं प्रश्नचिन्ह म्हणजे फाईल बिघडली असं नाही. तुमच्या कॉम्प्युटरमधला पीडीएफ वाचणारा प्रोग्राम सही करणाऱ्याच्या वरच्या मुख्य प्रमाणपत्राला ओळखत नाही एवढंच तो सांगतोय. लिनक्सवर तपासलं तर असं दिसते:

```
pdfsig satbara.pdf
  - Total document signed
  - Signature Validation: Signature is Valid.
  - Certificate Validation: Certificate issuer is unknown.
```

पहिल्या दोन ओळी म्हणतात पूर्ण फाईलवर सही आहे आणि सहीनंतर काही बदललं नाही. तिसरी म्हणते सही करणारा कोण ते मला माहीत नाही. इथं बरेच जण राइट क्लिक करून फाईलमधल्याच प्रमाणपत्राला "ट्रस्ट" करून टाकतात आणि हिरवी खूण आली की खुश. तसं करू नका, कारण खोटी फाईल बनवणारा पण स्वतःचं प्रमाणपत्र फाईलमध्येच घेऊन येतो, त्यालाही तुम्ही तसंच हिरवं कराल. डिजिटल सह्यांच्या प्रमाणपत्रांवर देखरेख करणारं भारत सरकारचं सीसीए कार्यालय आहे, त्याचं मुख्य प्रमाणपत्र त्यांच्या साइटवरून वेगळं आणून टाका, नाही तर सातबाऱ्याच्या खाली जो पडताळणी क्रमांक असतो तो महाभूमीच्या साइटवर टाकून बँकवाल्यासमोरच उघडून दाखवा. आणि हो, बँकेत द्यायच्या आधी फाईल "प्रिंट टू पीडीएफ" करून पाठवली असेल तर सही तिथंच गेली, मूळ डाउनलोड केलेलीच द्या.

सातबारा_हवा
प्रिंट टू पीडीएफच केलं होतं सेतूवाल्यानं, साइज कमी करायला. आता कळलं. आभारी आहे भाऊ.

अक्षरजुळणी
मी बरेच दिवस इथं नुसती वाचते, आज लिहिणं भाग आहे. ते पत्रक बहुतेक माझ्याच दुकानातून निघालं. माझं डीटीपीचं काम आहे, नाव गाव लिहीत नाही पण जे झालं ते सांगते, कारण सांगितलं नाही तर दुसऱ्या ठिकाणी पण हेच होईल.

एका गिऱ्हाइकानं व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवला, 500 पत्रकं पाहिजे म्हणाला. आमचं छपाईचं सगळं सेटिंग अजून क्रुती देव या जुन्या फॉन्टमध्ये आहे, जुन्या फाईली, जुनी बॉर्डर, सगळं. मराठी ओळी कन्व्हर्टरमधून घेते आणि आकड्यांचा तक्ता वेगळा पेस्ट करते कारण कन्व्हर्टरमध्ये तक्त्याची वाट लागते. आता क्रुती देवमध्ये टिंबाच्या कळेवर अर्धा ण आहे. म्हणजे 4.4 पेस्ट केलं आणि फॉन्ट क्रुती देव केला की पडद्यावर 4ण्4 दिसते. असा कचरा आम्हाला रोज दिसतो, रोज हातानं साफ करतो. मी तो अर्धा ण पुसला. बस. 44 झालं. टिंब पाहिजे तर तिथं डॅशची कळ दाबावी लागते हे मला माहीत आहे, पण तिथं टिंब होतं हे माझ्या मनातच आलं नाही, कारण मूळ फाईल मी पाहिलीच नव्हती.

गिऱ्हाइकाला प्रूफ पाठवलं होतं, त्यानं अंगठा दाखवला. उरलेली पत्रकं मी परत मागवून घेतली, जवळपास दीडशे आली. बाकीची कुठं आहेत कोण जाणे. घाटंजीच्या काकांनी त्या पोराला अडवलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करून दोन रात्री झोप नाही.

पऱ्हाटी_राळेगाव
ताई, तुम्ही स्वतःहून लिहिलं, मनापासून धन्यवाद. आम्ही इतके दिवस समजत होतो की कोणी मुद्दाम केलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये तर दुसऱ्या गटावर संशय घेऊन मोकळे झाले होते लोक.

दुकानदार_घाटंजी
ताई, जीवाले लावून घेऊ नका. मी माह्या ओळखीच्या सगळ्या कृषी केंद्रावाल्यांले फोन केले, ते पत्रक दिसलं की ठेवून घ्या म्हणून सांगितलं.

गुरुजी_नेर
ठीक आहे, लेबल फाईलला चिकटते, शब्दांना नाही, हे पटलं. पण मी वाचलंय की एआय कंपन्या शब्दांमध्येच अदृश्य खूण ठेवतात, वॉटरमार्क. तो कॉपी केला तरी राहतो. मग तो सगळीकडं सक्तीचा केला तर?

आर्वीचा_पोरगा
गुरुजी, इथं तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. गूगल डीपमाइंडचं सिंथआयडी आहे, मजकुरासाठीचा त्यांचा शोधनिबंध ऑक्टोबर 2024 मध्ये नेचरमध्ये आला. त्याच्यात लपवलेलं अक्षर वगैरे काही नसते. यंत्र पुढचा शब्द निवडताना दोन-चार शब्द सारखेच चालण्यासारखे असतात, "लगेच" चालते, "तात्काळ" चालते, "ताबडतोब" पण चालते. तिथं एका गुप्त किल्लीप्रमाणं एका बाजूला थोडा झुकाव देतात. एका शब्दावरून काहीच कळत नाही, पण दोन-तीनशे शब्द झाले की तो झुकाव मोजता येतो. हे कॉपी-पेस्टमधून टिकते, क्रुती देवमधूनही टिकेल, कागदावरून पुन्हा टाइप केलं तरी टिकेल, कारण खूण शब्दांच्या निवडीतच आहे.

आता भाऊंची ओळ बघा. "10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम." इथं निवडायला काय आहे? 4.4 च्या जागी दुसरा बरोबर आकडाच नाही. जिथं एकच बरोबर उत्तर असते तिथं खूण ठेवायला जागाच नसते, आणि आपल्याला ज्या ओळींची सर्वात जास्त काळजी आहे, मात्रा, तारीख, रक्कम, गट नंबर, त्या सगळ्या अशाच असतात. ताईंनी टिंब पुसल्यावर बाकीच्या पानातला झुकाव जसाच्या तसा राहिला असता, तपासणाऱ्यानं सांगितलं असतं, हो, हा मजकूर यंत्राचा आहे. 4.4 असो की 44, उत्तर तेच. खूण कोणी लिहिलं ते सांगते, नंतर कोणी काय बदललं ते नाही सांगत.

शिवाय यंत्रानं इंग्रजीत लिहिलं आणि माणसानं मराठीत आणलं की खूण जवळपास पुसते, हे गूगलनंच मर्यादा म्हणून सांगितलंय. आणि जो माणूस घरच्या कॉम्प्युटरवर मोफत मॉडेल चालवतो त्याच्यावर कोणती सक्ती चालणार?

वाशीमकर_ताई
मी आशा म्हणून काम करते, मला तांत्रिक कळत नाही पण एक उदाहरण देते. व्हॉट्सअॅपवर मेसेज पुढं पाठवला की वर "फॉरवर्ड केलेला" येते, आणि लय फिरला असला की दोन बाण येतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं दोन बाण दिसले की सावध व्हा. पण गावातल्या पोरांनी लवकरच शोधलं, मेसेज कॉपी करून नव्यानं पाठवला की एकही बाण येत नाही, स्वतः लिहिल्यासारखा दिसते. हे तेच झालं ना?

आर्वीचा_पोरगा
ताई, एकदम तेच. दोन बाण म्हणजे पाच किंवा जास्त वेळा पुढं गेलेला मेसेज. तो हिशोब मेसेजसोबत चालतो, शब्दांसोबत नाही. कॉपी केलं की शून्यापासून सुरू. मी माझ्या ऑफिसात नवीन पोरांना अर्धा तास समजावत होतो ते तुम्ही चार ओळीत सांगितलं.

पऱ्हाटी_राळेगाव
मग शब्दांमध्येच न दिसणारी अक्षरं घातली तर? मी कुठंतरी पाहिलं की कॉपी केलं तरी सोबत जातात.

आर्वीचा_पोरगा
हो, तसा प्रस्ताव आहे. युनिकोडमध्ये व्हेरिएशन सिलेक्टर नावाची 256 अक्षरं आहेत जी पडद्यावर दिसत नाहीत. 256 म्हणजे बरोबर एक बाइट. त्यांची माळ करून सही केलेली पूर्ण चिठ्ठी साध्या मजकुराच्या शेवटी लपवता येते, सीटूपीएवाल्यांनीही नुसत्या मजकुरासाठी हाच मार्ग मांडलाय. व्हॉट्सअॅपवरून ब्लॉगवर, ब्लॉगवरून मेलमध्ये असा प्रवास असेल तर काही वेळा टिकते. पण ज्याला नको आहे तो एका मिनिटात साफ करते, पुन्हा टाइप केलं की जाते, फोटो काढून ओसीआर केलं की जाते, आणि ताईंच्या क्रुती देवच्या दारात तर दिसणारी अक्षरंच बदलतात, न दिसणाऱ्यांचं काय घेऊन बसता.

मराठीची यात आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीवाल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडं न दिसणारं अक्षर रोजच्या लिहिण्यात लागते. भाऊंचं नावच घ्या, पऱ्हाटी. तो ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक टाकतात. हे चालवून बघा:

```
python3 -c "print([hex(ord(c)) for c in 'र्‍या'])"
['0x930', '0x94d', '0x200d', '0x92f', '0x93e']
```

मधलं 0x200d ते न दिसणारं. आता "लपलेली खूण नको" म्हणून एखाद्या प्रोग्रामनं सगळी न दिसणारी अक्षरं झाडून टाकली तर "शेतकर्‍यांनी" चं "शेतकर्यांनी" होते, रफार भलतीकडं. आणि दोन्ही प्रकारे लिहिलेला "शेतकऱ्यांनी" डोळ्यांना एकच, पण ठसा काढला तर दोन वेगळे, कारण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं जे नेहमीचं सामान्यीकरण आहे तेही या दोघांना एक करत नाही. म्हणजे नुसत्या मराठी मजकुराचा ठसा काढून जुळवायचं म्हटलं तर खरा मजकूर पण खोटा ठरतो.

गुरुजी_नेर
मग ठसा काढायच्या आधी सगळं एकसारखं करून घ्या. ऱ चा र, जोडक काढा, जागा काढा, विरामचिन्हं काढा. मग ठसा.

आर्वीचा_पोरगा
करता येते गुरुजी, आम्ही एका कामात केलंही. पण विरामचिन्हं काढली की काय होते ते बघा. 4.4 मधलं टिंब पण गेलं. 4.4 आणि 44 चा ठसा एकच आला. ताईंच्या पत्रकाला आपण स्वतःच "खरं आहे" म्हणून शिक्का दिला असता.

गुरुजी_नेर
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य.

अक्षरजुळणी
आकड्यांमधलं टिंब ठेवा आणि बाकीची काढा, असं नाही होत का?

आर्वीचा_पोरगा
होते ताई, पण मग "रु. 4.4" मधलं पहिलं टिंब ठेवायचं की नाही, "1,00,000" मधला स्वल्पविराम, "४.४" आणि "4.4" एक धरायचे का, असं करत करत नियमांची पोथी होते. आणि प्रत्येक नियमात एक नवीन भोक. मी काम थांबवलं नाही, पण हे सुटलंय असं मी म्हणणार नाही.

पऱ्हाटी_राळेगाव
म्हणजे नुसत्या शब्दांना काहीच चिकटत नाही असं धरून चालायचं. मग मला एक सुचते, चुकत असेल तर सांगा. मंत्रालयाच्या जीआरमध्ये शेवटी ठरलेलं वाक्य असते ना, की हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. लांबलचक आकडा, सुरुवातीला वर्ष-महिना-तारीख. तो आकडा मजकुराचाच भाग आहे, त्यामुळं तो कॉपी होते, क्रुती देवमध्ये पण आकडे तसेच राहतात, झेरॉक्समध्ये पण. आमच्या सल्ल्याला पण तसा क्रमांक दिला तर?

आर्वीचा_पोरगा
भाऊ, माझ्या मते नुसत्या मजकुरासाठी सध्या तोच सर्वात भक्कम मार्ग आहे. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संकेतांक असणं हा पुरावा नाही. खोट्या जीआरवर खरा संकेतांक चिकटवून फिरवता येते. आकडा साइटवर टाकून मूळ कागद उघडायचा, आणि हातातली ओळ त्याच्याशी जुळवायची, तेव्हाच काम होते. आकडा मूळ कागदाच्या दारापर्यंत नेते, आत जाऊन बघावं माणसालाच लागते. आणि दार उघडल्यावर आत सही केलेली पीडीएफ पाहिजे, म्हणजे तुमची डोंगलची सही वाया नाही गेली, ती तिथं कामाची आहे.

वाशीमकर_ताई
आणि ज्या गावात रेंजच नाही तिथं? आमच्या तीन वाड्यांमध्ये टेकडीवर चढल्याशिवाय नेट येत नाही. शिवाय अर्ध्या बाया सल्ला वाचत नाहीत, कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवते, आणि वाचणारा शेवटचा आकडा वाचतच नाही.

दुकानदार_घाटंजी
मी सांगतो माह्या कसं ध्यानात आलं. मले संकेतांक नाही लागला. मले दोन गोष्टी माहीत होत्या, 10 लिटरले किती आन् एकराले किती. त्या जुळल्या नाही म्हणून मी अडवलं. तुम्ही पत्रकात दोन्ही लिहा न. 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम, एकरी 200 लिटर पाणी, एकराले 88 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमची एक पुडी एकराले पुरून थोडी उरते. आता कोणी टिंब पुसलं तं 44 गुणिले 20 म्हणजे 880, आन् पुढं 88 लिहिलेलं. ज्याले पाढे येतात त्याले दिसते.

आर्वीचा_पोरगा
काका, हे फार मोलाचं बोललात. आमच्या धंद्यात आकड्याच्या शेवटी एक तपासणीचा अंक जोडतात, आधारच्या बारा अंकांमध्ये शेवटचा तसाच आहे, एक अंक चुकला की पकडला जाते. तुम्ही तेच पुडीच्या हिशोबात केलं, आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं तरी टिकते, रेंज लागत नाही. मुद्दाम खोटं करणारा दोन्ही आकडे बदलेल, त्याला हे थांबवणार नाही. पण ताईंच्या हातून जे झालं, अनवधानानं, ते नक्की थांबवते.

अक्षरजुळणी
मला असं लिहिलेलं आलं असतं तर मी टाइप करतानाच थांबले असते. "पुडी एकराला पुरते" वाचून 44 वर नजर गेली असती. अजून एक विनंती, मात्रा अक्षरात पण लिहा, "चार दशांश चार". अक्षरं कन्व्हर्टरमधून नीट जातात, टिंब जात नाही.

गुरुजी_नेर
एक प्रश्न राहतो. "एआयच्या मदतीने तयार" हे लेबल पत्रकाच्या मजकुरात ठेवायचं की काढायचं? युरोपच्या एआय कायद्याच्या कलम 50 बद्दल मी नंतर वाचलं, तिथं लोकहिताच्या विषयावरचा यंत्रनिर्मित मजकूर जाहीर करावा लागतो, पण माणसानं तपासला असेल आणि कोणी संपादकीय जबाबदारी घेतली असेल तर त्यातून सूट आहे. तुमचा पदवीधर पोरगा तर ओळन् ओळ तपासून बसला होता.

पऱ्हाटी_राळेगाव
गुरुजी, यावर आमच्यात दोन गट आहेत. एक गट म्हणते लेबल वाचून लोक बरोबर सल्ला पण टाकून देतील, मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या काकांनी तसं केलंही, "मशीनचं आहे, मी नाही फवारत" म्हणाले आणि अळीनं बोंडं पोखरली. दुसरा गट म्हणते लपवायचं नाही. मी दुसऱ्या गटात आहे, पण लेबलचे शब्द बदलायचे म्हणतोय. यंत्रानं लिहिलं हे खाली ठेवू, आणि वर कोणी तपासलं, कोणत्या तक्त्याशी ताडलं आणि चुकलं तर कोणाला फोन करायचा हे मोठ्या अक्षरात.

आर्वीचा_पोरगा
मी पण तेच म्हणेन. 44 वाल्या पत्रकात "एआयनं लिहिलं" हे टिकलं असतं तरी त्या पोराला काय उपयोग होता? चूक यंत्राची नव्हतीच. त्याला उपयोगी पडला असता तो फोन नंबर आणि मूळ कागदाचा क्रमांक.

वाशीमकर_ताई
नंबर देता तर उचलणारा माणूस पण ठेवा. आमच्याकडं हेल्पलाइनचे तीन बोर्ड आहेत, एकही लागत नाही. फवारणी सकाळी सहाला सुरू होते, ऑफिस अकराला उघडते.

पऱ्हाटी_राळेगाव
खरं आहे ताई. सकाळी साडेपाच ते नऊ मी स्वतः उचलतो, हंगाम संपेपर्यंत. पुढच्या आठवड्यात तुरीचा सल्ला काढायचा आहे. त्याला क्रमांक देतो, मात्रा आकड्यात, अक्षरात आणि पुडीच्या हिशोबात तिन्ही ठिकाणी लिहितो, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मूळ सही केलेल्या कागदाची प्रत लावतो. ताई, छपाई तुमच्याकडंच देतो, पण प्रूफ मला पाठवा, गिऱ्हाइकाला नाही.

अक्षरजुळणी
पाठवते. आणि या वेळी मूळ पीडीएफ पण द्या, व्हॉट्सअॅपचा मजकूर नको. शेजारी उघडी ठेवून जुळवते.

दुकानदार_घाटंजी
अजून साडेतीनशे पत्रकं बाहेर आहेत म्हणता. पांढरकवड्याच्या बाजूला कोणाची ओळख असल तं कळवा, तिकडच्या दुकानात माह्या फोन पोचला नाही.